मुलाचं पोट दर चार-पाच दिवसांनी अडतं, औषध थांबवलं की पुन्हा तेच: आजी आल्यावर आमच्या घरी काय बदललं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या घरी हेच चाललंय का ते लगेच कळेल. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीतला. घरात त्याला सोनू म्हणतात, इथेही तेच म्हणते. चार-चार, पाच-पाच दिवस शी नाही. मग एक दिवस रडारड, आणि शेवटी एवढी जाड शी की कमोड तुंबायचा. कधी तिच्यावर लाल रंगाची एक रेघ. मधल्या दिवसांत पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभा राहायचा, पाय एकमेकांवर घट्ट आवळायचा, चेहरा लाल व्हायचा. आम्हाला वाटायचं बिचारा जोर लावतोय. आणि सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे रोज संध्याकाळी चड्डीला पातळ डाग. यावरून तो माझी बोलणीही खाई. सहा वर्षांचा घोडा आणि चड्डी खराब करतोस, असं मी म्हटलेलं आहे. आता आठवलं की लाज वाटते.

आम्ही काय काय केलं तेही सांगते, कारण तुम्हीही त्यातलं निम्मं केलं असेल. केळी झाली. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून दुधातून इसबगोल झाला. तो दुधात फुगून लापशीसारखा घट्ट झाला आणि सोनूने दोन घोटांत ग्लास बाजूला सारला. एका रविवारी एरंडेल झालं. त्या दिवशी पोटात एवढ्या कळा आल्या की पुढचा आठवडाभर तो बाथरूमच्या दारापाशीही फिरकेना. शेवटी जुलैत मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट चाचपलं, डाव्या बाजूला खाली माझा हात ठेवला आणि म्हणाले, हा गोळा लागतोय ना, ही साठलेली शी आहे. त्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. पाण्यात विरघळवून द्यायची, आधी काही दिवस जास्त मात्रेत, मग रोज कमी मात्रेत. चार दिवसांत पोट रिकामं झालं, पोरगं नाचायला लागलं. पंधरा दिवसांनी मीच म्हटलं, आता कशाला रोज औषध. थांबवलं. दहाव्या दिवशी सोनू पुन्हा पडद्यामागे.

तेवढ्यात माझी आई आली. माण तालुक्यातल्या गावाहून, पायरीवर पाय ठेवताच पिशवीतून ज्वारीचं पीठ काढणारी. ती महिनाभर राहायला आली होती आणि दिवाळीपर्यंत थांबली.

पहिले तीन दिवस तिने काही केलं नाही, नुसतं बघितलं. मी जेवताना सोनूला विचारत होते, आज झाली का? त्याचे बाबा ऑफिसातून फोन करून विचारत होते, झाली का? थोरली बहीण, ती अकरा वर्षांची, चिडवत होती. चौथ्या दिवशी आईने मला ओट्यापाशी गाठलं. "त्याच्या शीची पंचायत बसवलीया तुमी. म्हातारीला बी कुनी इतकं इचारलं तर तिचं बी अडंल." त्या दिवसापासून तो प्रश्न घरात बंद. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण मूल ज्या गोष्टीला घाबरलंय तिच्याबद्दल दिवसातून सहा वेळा विचारलं, तर ते ती गोष्ट आणखी घट्ट धरून ठेवतं.

दुसरी गोष्ट तिने पाहिली ती मला दोन वर्षांत दिसली नव्हती. पडद्यामागचा तो नाच बघून ती म्हणाली, "ह्यो जोर लावीत न्हाई गं, रोखून धरतोय." आणि खरंच होतं. जोर लावणारं मूल खाली बसतं, गुडघे पोटाशी घेतं. रोखणारं मूल सरळ ताठ उभं राहतं, टाचा उचलतं, पाय आवळतं. हा फरक एवढा ढोबळ आहे की एकदा कळला की चुकत नाही. तुमच्या घरी दुसरा प्रकार असेल, तर नुसती केळी-पपई बदलून काही होणार नाही.

हे तिला कसं कळलं, तेही सांगायला हवं. एका संध्याकाळी दोन्ही नातवंडांना घेऊन ती गॅलरीत बसली आणि तिने आपली गोष्ट सांगितली. लग्न होऊन सासरी आली तेव्हा घरात संडास नव्हता. बायांनी तांब्या घेऊन जायचं ते पहाटे अंधारात नाहीतर रात्री दिवेलागणीनंतर. दुपारी कळ आली तर? "तर दात खायचे आन् भाकऱ्या थापायच्या." महिन्याभरात पहाटेची कळ यायचीच बंद झाली. मग तिला मूळव्याध झाली, आणि पुढे काय काय. "कळ म्हंजी आपल्या गावाची एसटी हाय बघ," ती सोनूला म्हणाली. "थांब्यावर तू हात न्हाई केलास तर ती थांबत न्हाई. गेली की गेली. मग दुसरी कवा येईल ते तिच्या मर्जीवर."

सोनूने विचारलं, "आणि आतले पॅसेंजर?"

"ते बसून वाळत्यात."

यापेक्षा नीट समजावणं मला डॉक्टरांकडूनही मिळालं नव्हतं. शी गुदाशयात आली की तिथे ताण पडतो आणि कळ येते. दाबून धरली की काही मिनिटांत तिथले स्नायू सैलावतात आणि कळ जाते, पण शी तिथेच राहते. मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं. दोन दिवसांनी ती कडक आणि जाड होते, बाहेर येताना दुखते, कधी बारीक चीर पडते. दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी रोखतं. या चक्राची सुरुवात कुठूनही होऊ शकते. एकदा तापात पोट कडक झालं, एकदा प्रवासात जागा मिळाली नाही, एवढं पुरतं.

आणि ते चड्डीचे डाग? साठलेल्या गोळ्याच्या बाजूने वरची पातळ शी झिरपते. गुदाशय ताणून ताणून सैल झालेला असतो, त्यामुळे मुलाला ती आल्याचं कळतही नाही. म्हणजे मी ज्याला आळस समजून रागावत होते, तो आळस नव्हता. काही घरांत हे डाग बघून जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध देतात. त्याने गोळा आणखीच पक्का होतो.

आता प्रश्न उरला, सोनू कुठे रोखत होता? याचा पत्ता पाण्याच्या बाटलीने दिला. आई रोज त्याचा डबा धुवायची. तिच्या लक्षात आलं की बाटली जशी भरून जाते तशीच परत येते. तिने काही विचारलं नाही. भाकरी थापताना स्वतःच्या शाळेची गोष्ट सांगितली, की आमच्या शाळेत पोरींना आडोसाच नव्हता म्हणून मी पाणीच प्यायचे नाही. सोनू लगेच म्हणाला, "आमच्या बाथरूमला कडी नाही. मोठी मुलं दार ढकलतात." संपलं. सकाळी 7 ते दुपारी 2 शाळा, त्यात ना पाणी ना संडास, आणि हे दर वर्षी जूनपासून. शाळा सुरू झाली की पोट अडतं आणि मे महिन्यात सगळं बरं असतं, याचं कोडं तिथे सुटलं. तुमचं मूल सुट्टीत ठीक आणि शाळेत बिघडत असेल, तर बाटली बघा.

आम्ही वर्गशिक्षिकेशी बोललो. मोठी तक्रार केली नाही. एवढंच मागितलं की तासाला सोनूने हात वर केला तर कारण न विचारता सोडायचं. मधल्या सुट्टीत गर्दी असते, तास चालू असताना बाथरूम रिकामं असतं. कडी बसायला दीड महिना लागला, पण तोवर याने काम भागलं.

यापुढचं सगळं आजीचं.

वेळेबद्दल तिचा पहिला नियम: जेवून उठल्यावर बसायचं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करतं, हे प्रत्येकाचं होतं, लहान मुलांत जास्त ठळक. सकाळचा नाश्ता यासाठी सगळ्यात चांगला. पण आमची बस 6:40 ला येते, सोनू झोपेत दूध पितो आणि जातो. तिथे शीसाठी दहा मिनिटं काढायची म्हणजे आरडाओरडाच होणार. मी म्हटलं अर्धा तास लवकर उठवू. आई म्हणाली, झोप मोडून कोण हागतं? तिने वेळच बदलली. शाळेतून आल्यावर दुपारचं जेवण, मग वीस मिनिटांनी बसायचं. रात्री जेवल्यावर पुन्हा एकदा. रविवारी सकाळी. वेळ कुठली यापेक्षा ती रोज तीच असणं कामाचं. आणि पाच-सात मिनिटंच बसायचं. झाली तर झाली, नाही झाली तर उठायचं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. त्यापेक्षा जास्त वेळ बसवून ठेवलं की ती शिक्षा होते.

बसण्याबद्दल दुसरा नियम. आमच्याकडे कमोड. सोनूचे पाय हवेत लोंबायचे आणि आत घसरू नये म्हणून तो दोन्ही हातांनी कड पकडायचा. अशा वेळी मांड्या आणि खालचे स्नायू आवळलेलेच राहतात, म्हणजे दार बंद करून पाहुण्याला या म्हणायचं. आईने जेवायचा पाट आणून पायाखाली ठेवला. (तो पाट आता कायमचा बाथरूमचा झाला, माझ्या सासूबाईंना हे सांगितलेलं नाही.) पण पाट जेमतेम बोटभर उंच. गुडघे कमरेच्या खालीच राहिले. मग कपडे धुवायचं प्लास्टिकचं स्टूल आणलं, साधारण 20 सेंटीमीटर उंचीचं. त्यावर तळपाय पूर्ण टेकले, गुडघे कमरेच्या वर आले, कोपरं गुडघ्यांवर, किंचित पुढे वाकून. भारतीय संडासात हे आपोआप होतं. कमोडवर लहान मुलांची वेगळी बैठक बसवली तर आत घसरायची भीतीही जाते. ती आम्ही पुढच्या आठवड्यात आणली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. सोनू श्वास कोंडून, गळा आवळून कुंथायचा. आईने त्याला सांगितलं, "कुंथू नगंस. चूल फुंक." हाताची मूठ करून ती तोंडाशी धरायची, फुंकणीसारखी, आणि त्यातून हळूहळू लांब फुंकर मारायची, पोट पुढे फुगवत. श्वास कोंडून जोर लावला की खालचं दार आवळतं. फुंकर मारताना पोटाचा दाब खाली जातो आणि दार सैल राहतं. फिजिओथेरपीवाले मुलांना साबणाचे फुगे फुंकायला देतात ते याचसाठी. आईला फिजिओथेरपी माहीत नाही. चूल माहीत आहे.

चौथी गोष्ट हिशोबाची. एक रिकामा डबा आणि मूठभर चिंचोके. बसलं की एक चिंचोका डब्यात. शी झाली की नाही याचा चिंचोक्याशी संबंध नाही. बसणं मुलाच्या हातात असतं, होणं नसतं. नुसत्या शीवर बक्षीस ठेवलं तर न झालेला दिवस नापास होतो आणि मूल खोटं बोलायला शिकतं. वीस चिंचोके झाले की आजी बोरकूट काढायची. माझ्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेगळी खूण होती: झाली तर गोल, कडक झाली तर गोलात ठिपका. सोनूला हे ठाऊक नव्हतं.

थोरलीचं वेगळंच होतं. ती फोन घेऊन आत जायची आणि पंचवीस मिनिटांनी बाहेर यायची. आजीने तिला एवढंच सांगितलं की मूळव्याधीला तेवढी बैठक आवडते. फोनसाठी दाराबाहेर कोनाडा झाला.

खाण्यात काय बदललं ते थोडक्यात, कारण सगळे यावरच बोलतात. सगळ्यात मोठा बदल दुधाचा. सोनू दिवसाला तीन मोठे ग्लास चॉकलेट पावडर घालून प्यायचा, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. तेवढ्याने पोट भरल्यावर भाकरी-भाजी कोण खाणार? ते एका ग्लासावर आलं, बाकी ताक. काही मुलांना गाईच्या दुधातल्या प्रथिनामुळेच असं होतं, ते डॉक्टर ठरवतात, आपण मनाने दूध पूर्ण तोडू नये. रात्री आठ-दहा काळ्या मनुका भिजत घालून सकाळी त्याच पाण्यासकट. एक पेरू, सालीबियांसकट. एका मध्यम पेरूत साधारण पाच ग्रॅम तंतू असतात, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला दिवसाला निदान अकरा-बारा ग्रॅम लागतात. म्हणजे पेरू आणि ज्वारीची भाकरी एवढ्यात बराचसा हिशोब जुळतो. पण आत गोळा साठलेला असताना तंतूंचा मारा केला की वायू आणि दुखणं वाढतं. आधी पोट रिकामं, मग पेरू. पाण्याचंही तसंच: कमी पडलं तर शी कडक होते, पण भरपूर पाजल्याने कुणाची अडलेली शी सुटत नाही.

आजीचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पहिल्या आठवड्यात तिने साबणाची वात करून ठेवली होती, तिच्या मुलांना तिने तशीच सरकवली होती म्हणे. मी अडवलं. त्याने आतल्या नाजूक त्वचेची आग होते, आणि आधीच घाबरलेल्या मुलाच्या मागून काही घालणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. एरंडेलावरही वाद झाला. डॉक्टरांना फोन लावला, तिने स्वतः ऐकलं, "बरं" म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी कमी बोलली. रात्री कोमट पाण्यात चमचाभर तूप ती देतच राहिली. त्याने फार काही होत असेल असं मला वाटत नाही, पण त्याने बिघडत नाही आणि सोनूला आवडतं.

औषध मात्र पुन्हा सुरू केलं. ते मधेच थांबवलं, हीच माझी मुख्य चूक होती. डॉक्टरांनी सांगितलं की पोट रिकामं झालं म्हणजे बरं झालं असं नसतं. ताणलेला गुदाशय आपल्या मापावर यायला महिने लागतात. आजी त्यावर म्हणाली, चड्डीचं इलास्टिक सैल झालं की धुतल्याने आवळतं का? तोवर शी रोज मऊ राहिली पाहिजे, म्हणजे दुखलं नाही, म्हणजे रोखण्याचं कारण उरलं नाही. किमान दोन महिने रोज, आणि सगळी लक्षणं जाऊन निदान एक महिना झाल्यावर मात्रा हळूहळू खाली. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती इथे लिहीत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत कॅलेंडरवर गोल कमी, ठिपके जास्त. तिसऱ्या आठवड्यात ठिपके गेले. चड्डीचे डाग सगळ्यात शेवटी गेले, जवळजवळ सप्टेंबर संपता संपता. या काळात रागावलात तर सगळं मागे जातं. डाग दिसला की चड्डी बादलीत, नवी चड्डी, पुढचा विषय.

मग गणपतीत घसरलं. गावी गेलो, घर पाहुण्यांनी भरलेलं, एकच संडास आणि बाहेर रांग. बसण्याची वेळ चुकली, मोदकांनी पोट भरलेलं, औषधाची पावडर पुण्यालाच. कॅलेंडरवर सलग तीन घरं कोरी. पूर्वी मी सहाव्या दिवशी घाबरायचे. या वेळी तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या औषधाच्या दुकानातून पावडर आणली, डॉक्टरांना फोन करून मात्रा दोन दिवस वाढवली, आणि आजीने सकाळी रांगेतल्या मोठ्यांना सरळ सांगितलं, "पोरगं आधी. तुमी काकडा म्हना तवर." चौथ्या दिवशी सुटलं, रडारड न होता. तेव्हापासून घरातला नियम असा की दोन कोरी घरं दिसली की बघायचं, तीन झाली की हलायचं.

हे सगळं केव्हा घरी करत बसायचं नाही तेही सांगते. जन्मापासूनच त्रास आहे, किंवा बाळाची पहिली काळी शीच दोन दिवसांनंतर झाली होती, पोट फुगून ताठ झालंय, उलट्या होतायत, विशेषतः हिरव्या, ताप आहे, वजन वाढत नाही, शीवर नुसती रेघ नसून बरंच रक्त आहे, पायांत जोर कमी वाटतो किंवा चाल बदलली. यातलं काहीही असेल तर चिंचोके बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

डिसेंबर आहे. औषध एक दिवसाआड अर्ध्या मात्रेवर आलंय. आई दिवाळीनंतर गावी गेली. रविवारी तिचा फोन येतो, ती सोनूला पिकाचं सांगते, शेळी व्यायल्याचं सांगते, ते विचारत नाही. गेल्या रविवारी फोन चालू असतानाच सोनू उठला, स्टूल पायाने ओढत आत नेलं आणि दाराआडून ओरडला, "आजी, फोन ठेवू नको, एसटी आली."

ती थांबली. पाच-सहा मिनिटं लाइनवर नुसता कोंबड्यांचा आवाज.